हळदी पिवळ्याचा हिशेब: एका मसाल्याच्या ब्रँडचे रंग ठरवतानाच्या नोंदी

सांगली जिल्ह्यातील एका महिला बचत गटाच्या मसाल्यांसाठी रंगांचे नियम ठरवून देण्याचे काम मी जूनमध्ये घेतले. हळद, लाल तिखट, धणे पूड, गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला अशी पाच उत्पादने होती. रंग चार ठिकाणी चालायला हवे होते: क्राफ्ट कागदाच्या पाऊचवर, ऑफसेटवर छापलेल्या स्टिकरवर, स्थानिक वर्तमानपत्रातील कृष्णधवल जाहिरातीत आणि फोनवर. असे काम हाती घेणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून काम चालू असताना केलेल्या नोंदी येथे तशाच ठेवल्या आहेत, चुकांसकट.

३ जून

मुख्य रंग हळदीचा असणार, याबद्दल गटात दुमत नव्हते. कोणती हळद, याबद्दल मात्र होते. मी लॅपटॉपवर चार पिवळे दाखवले, तेव्हा गटाच्या अध्यक्ष काकूंनी पहिल्याकडे बोट करून सांगितले, "ताई, ह्यो लिंबाचा हाय." दुसरा त्यांना आंब्याच्या रसाचा वाटला. शेवटी त्यांनी घरातली दळलेली हळद वाटीत आणून स्क्रीनशेजारी ठेवली आणि आम्ही रंग तिच्याजवळ सरकवत नेला. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, #F2A900 वर एकमत झाले.

हा रंग बाजारात दिसणाऱ्या चमकदार हळदीपेक्षा थोडा नारिंगीकडे झुकतो आणि तेच बरे आहे, हे पुढे छपाईत कळले. पिवळा जितका लिंबाकडे झुकतो, तितका तो छपाईत निळ्या शाईच्या अंशानेही हिरवट होतो.

७ जून

आजची बैठक रंगांच्या अर्थांची होती. माझ्या पहिल्या आराखड्यात पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरे होती आणि मला ती जोडी उठावदार वाटत होती. गटातील एका ताईंनी कागद हातात घेऊन विचारले, "हे खायचं आहे का देवाला वाहायचं?" पिवळे आणि लाल शेजारी आले की आपल्याकडे हळदीकुंकू वाचले जाते, आणि पूजासाहित्याच्या दुकानातील पुड्या नेमक्या याच दोन रंगांत असतात. स्वयंपाकाच्या हळदीवर हा अर्थ चिकटला तर ग्राहक ती फोडणीत घालायला बिचकेल.

दुसरा प्रश्न मला आधी सुचलाच नव्हता. पिवळा हा संपूर्ण ब्रँडचा रंग असेल, तर हळदीच्या पाऊचला वेगळे काय द्यायचे? पिवळा एकाच वेळी घराण्याचे नाव आणि एका सदस्याचे नाव होऊ शकत नाही. त्यामुळे पिवळा फक्त ब्रँडचा ठेवायचा आणि उत्पादनाची ओळख मोठ्या अक्षरांतील नावाने व रेखाचित्राने करून द्यायची, असे ठरले. लाल फक्त तिखटपणासाठी आणि हिरवा धण्यासाठी व सौम्य चवीसाठी वापरायचा होता. अक्षरांसाठी गडद तपकिरी #3B1F0E निवडला, कारण काळी पट्टी लेबलावर नको, असे दोघीतिघींनी स्पष्ट सांगितले.

यातील हिरव्याबद्दलचा निर्णय पुढे पूर्ण बदलावा लागला.

१४ जून

स्क्रीनवरील कॉन्ट्रास्ट मोजला. वेबवरील सुगम्यतेच्या निकषांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, नेहमीच्या मजकुरासाठी किमान ४.५ आणि मोठ्या मजकुरासाठी किमान ३ असे गुणोत्तर मागितले आहे. मोठा म्हणजे १८ पॉइंट किंवा ठळक असल्यास १४ पॉइंट. गुणोत्तर असे काढतात:

```
(L1 + 0.05) / (L2 + 0.05)
```

L1 ही दोन रंगांपैकी उजळ रंगाची सापेक्ष दीप्ती, म्हणजे शून्य ते एक या मापातील उजळपण असते, तर L2 ही गडद रंगाची. पांढऱ्याची दीप्ती १ आणि आमच्या पिवळ्याची सुमारे ०.४७ आहे. म्हणजे पिवळ्यावर पांढरी अक्षरे ठेवली तर १.०५ भागिले ०.५२ असे होऊन गुणोत्तर जेमतेम २.०१ येते. पांढऱ्या पानावर पिवळी अक्षरे ठेवली तरी आकडा तोच राहतो, कारण सूत्राला कोण जमीन आणि कोण अक्षर याच्याशी देणेघेणे नसते.

वेबसाइटच्या माझ्या आराखड्यात "मागणी नोंदवा" हे बटण पिवळे आणि त्यावरील अक्षरे पांढरी होती. ते मला स्वतःला आवडले होते, तरी काढून टाकले. पिवळ्यावर तपकिरी अक्षरांचे गुणोत्तर ७.५ येते, पांढऱ्यावर तपकिरीचे १५.१. म्हणून पहिला नियम असा लिहिला की पिवळा ही जमीन आहे, अक्षर नव्हे, आणि तिच्यावर पांढरे अक्षर कधीही बसणार नाही.

२५ जून

पहिले छापील प्रूफ आले आणि पिवळा मळका दिसला. चूक माझी होती. मी पडद्यासाठीचा आरजीबी रंग सॉफ्टवेअरकडून आपोआप सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या प्रमाणात, बदलून घेतला होता आणि त्याने पिवळ्यात ४ टक्के सायन, म्हणजे निळी शाई, घातला होता. पडद्यावर हा ४ टक्के दिसत नाही. कागदावर मात्र मोठ्या सपाट पिवळ्यात निळ्याचे विरळ ठिपके पडतात आणि हळद जुनी झाल्यासारखी वाटते. पिवळा गडद करायचा असेल तर काळा किंवा सायन न घालता मॅजेंटा, म्हणजे गुलाबीसर लाल शाई, वाढवायचा, हे प्रेसमधील डीटीपीवाले दादा माझ्याकडे न पाहताच म्हणाले.

आता छपाईचा पिवळा हाताने लिहिलेला आहे: सायन ०, मॅजेंटा ३५, पिवळा १००, काळा ०. नियमावलीत आरजीबी आणि सीएमवायके हे दोन्ही आकडे शेजारी दिले असून, एकावरून दुसरा आपोआप काढू नये, असे वाक्य खाली घातले आहे. दोन प्रूफना प्रत्येकी ६५० रुपये गेले.

९ जुलै

आज सर्वांत महाग चूक उघडी पडली. दोन हजार स्टिकर छापून आले आणि कांदा-लसूण मसाल्याच्या घटकांच्या यादीत "कांदा" ऐवजी "कादा" दिसत होते. फाईलमध्ये शब्द बरोबर होता. अनुस्वार छपाईत भरून गेला होता.

ही यादी मी तपकिरी पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत, साडेपाच पॉइंटमध्ये ठेवली होती. तिचे गुणोत्तर स्क्रीनवर १५.१ होते, म्हणून मी निश्चिंत होते. पण तो तपकिरी चार शायांनी बनला होता: सायन ५५, मॅजेंटा ७५, पिवळा ८५, काळा ७५. पांढरे अक्षर म्हणजे तेथे चारही शायांच्या वेगवेगळ्या प्लेटांनी एकाच जागी छिद्र सोडणे. एखादी प्लेट केसभर सरकली, म्हणजे मशीनमनच्या भाषेत रजिस्टर हलला, की ते छिद्र एका बाजूने झाकले जाते, आणि शाई कागदावर पसरते ती वेगळीच. रोमन अक्षरांत याने अक्षर बारीक होते. देवनागरीत मात्र अनुस्वार, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार हे सर्वांत लहान अवयव आधी बुजतात आणि शब्दच बदलतो.

डिजिटल प्रूफमध्ये हे का दिसले नाही, हा प्रश्न मी स्वतःला बराच वेळ विचारला. ते प्रूफ ज्या यंत्रावर निघाले, त्यात ऑफसेटसारख्या चार स्वतंत्र प्लेटा नसतातच. त्यामुळे ते रंगाबद्दल खरे बोलते आणि रजिस्टरबद्दल गप्प राहते.

२.४० रुपये दराने ४,८०० रुपयांचे स्टिकर रद्द केले. घटकांची यादी चुकीची वाचली जाईल असे लेबल वापरणे शक्यच नव्हते.

दुरुस्ती दोन भागांत केली. पांढरी अक्षरे आता ९ पॉइंटपेक्षा लहान कुठेही नाहीत आणि ती निमठळक वजनातच येतात. त्याहून लहान सर्व मजकूर उजळ जमिनीवर गडद अक्षरांत आहे. हा गडद मजकूर चार शायांचा तपकिरी नसून फक्त काळ्या प्लेटचा आहे आणि पिवळ्या जमिनीवर तो ओव्हरप्रिंट केला आहे, म्हणजे खालचा पिवळा न कापता त्याच्यावरच काळा छापला जातो. खाली पिवळा आणि मॅजेंटा असल्याने तो काळा आपोआप उबदार दिसतो. काकूंना तो तपकिरीच वाटला. रजिस्टर हलला तरी अक्षराभोवती पांढरी कड दिसत नाही, कारण खाली छिद्रच नाही.

१८ जुलै

क्राफ्ट पाऊचवर थेट छपाईची चाचणी झाली. प्रत्येकी १४ रुपये दराने शंभर पाऊच घेतले आणि पहिला हातात घेताच कळले की हळद गायब आहे. पिवळी शाई पारदर्शक असते. पांढऱ्या कागदावरून परतणारा प्रकाश तिच्यातून गाळून येतो आणि पिवळा उजळतो. मातकट कागदावर परतायलाच थोडा प्रकाश उरतो, म्हणून पिवळा कागदाच्या रंगात बुडाला.

नुसते "बुडाला" लिहिणे नियमावलीत चालत नाही, म्हणून स्टिकर छापणाऱ्या प्रेसमध्ये जाऊन त्यांच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर दोन्ही नमुने मोजून घेतले. त्या यंत्रात प्रत्येक रंगाचे उजळपण शून्य ते शंभर अशा L* मूल्यात मिळते आणि त्यावरून दीप्ती अशी काढता येते:

```
Y = ((L* + 16) / 116)^3
```

मॅट लॅमिनेशन केलेल्या स्टिकरवर पिवळा ७२ आणि अक्षर २० आले. दीप्ती अनुक्रमे ०.४४ आणि ०.०३ धरून गुणोत्तर ६.१ होते. क्राफ्टवर पिवळा ५८ आणि अक्षर २७ आले, म्हणजे ०.२६ आणि ०.०५, आणि गुणोत्तर ३.१. स्क्रीनवर साडेसातच्या घरात असलेली तीच जोडी कागद बदलताच निम्म्याहून खाली आली. मॅट लॅमिनेशननेही गडद अक्षर थोडे फिके केले आहे, हे स्टिकरच्या आकड्यात दिसते.

येथे एक कबुली द्यायला हवी. वेबचे सूत्र छपाईसाठी बनलेले नाही. त्यातील ०.०५ ही पडद्यावर पडणाऱ्या बाहेरच्या उजेडासाठी दिलेली भर आहे, आणि कागदावर उजेडाचे गणित वेगळे असते. मी ते फक्त आमच्या नमुन्यांची एकमेकांशी तुलना करण्यासाठी वापरते. छापील गोष्ट ४.५ च्या वर आली म्हणजे ती वाचता येईलच, असा दावा त्यातून निघत नाही. कमी गुणोत्तराचा नमुना हातभर अंतरावरून वाचायला अवघड गेला, एवढे मात्र पाच जणींकडून वाचून घेऊन तपासले.

उपाय दोन होते. पिवळ्याखाली आधी पांढऱ्या शाईचा थर द्यायचा किंवा पाऊच कोरा ठेवून त्यावर पांढऱ्या कागदाचा स्टिकर लावायचा. पांढऱ्या थराचा खर्च प्रत्येक पाऊचवर येत होता आणि मागणी अजून थोडी आहे, म्हणून स्टिकर ठरला. क्राफ्टवर थेट छापायचे झाल्यास एकच रंग, काळा, आणि तोही १२ पॉइंटच्या वर.

३० जुलै

वर्तमानपत्रासाठी कृष्णधवल जाहिरात करताना तिखटपणाच्या खुणा कोसळल्या. सौम्य मसाल्याला हिरवे वर्तुळ (#2E7D32), तिखट मसाल्याला लाल वर्तुळ (#B3261E), अशी योजना होती. रंग काढून घेतल्यावर दोन्ही वर्तुळे सारख्याच करड्या रंगाची झाली. मोजून पाहिले: हिरव्याची दीप्ती ०.१५, लालची ०.११, परस्पर गुणोत्तर १.२७. डोळ्यांना हे दोन रंग टोकाचे विरोधी वाटतात, पण उजळपणात ते जवळजवळ जुळे आहेत.

जाहिरातीपुरता प्रश्न असता तर खाली शब्द लिहून भागले असते. पण लाल-हिरवा भेद ज्यांना नीट दिसत नाही, त्यांना पाऊचवरही हीच अडचण येणार. हा दोष एक्स गुणसूत्रातून येत असल्याने पुरुषांमध्ये बराच अधिक आढळतो, आणि गटाचे किराणा दुकानदार जवळपास सगळे पुरुष आहेत. तिखट आणि सौम्य पाऊच फडताळात लावणारे तेच.

म्हणून तिखटपणाचा अर्थ रंगाकडून काढून संख्येकडे दिला: एक, दोन किंवा तीन मिरच्या, सर्व एकाच लालमध्ये. लालही बदलला. आधीचा लाल पिवळ्यावर ३.२५ इतकाच येत होता. त्याला गडद करून #8E1B14 केला, तेव्हा पिवळ्यावर ४.५१ आणि पांढऱ्यावर ९ च्या आसपास आला. ४.५१ हा काठावरचा आकडा आहे आणि छपाईत तो खाली घसरणारच, म्हणून लाल फक्त मिरच्यांच्या चिन्हासाठी, मजकुरासाठी नाही. असे केल्याने पिवळ्यावर लाल अक्षरे येण्याची शक्यता संपली आणि हळदीकुंकवाचा प्रश्नही परत आला नाही.

८ ऑगस्ट

मिरचीचे चिन्ह लहान आकारात गिचमिड होत होते, म्हणून मी ते सोपे करून उभा त्रिकोण केला आणि एका नमुन्यात तो ब्रँडच्या तपकिरीमध्ये ठेवला. सुदैवाने ते छापायला जाण्याआधी गटाच्या हिशेब पाहणाऱ्या ताईंनी पाहिले. चौकटीत तपकिरी त्रिकोण ही खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील मांसाहाराची खूण आहे. मसाल्याच्या पाऊचवर तीन मांसाहारी खुणा ओळीने लावण्याची तयारी मी केली होती! चिन्ह पुन्हा वाकड्या मिरचीचे केले आणि ६ मिलिमीटरपेक्षा लहान वापरायचे नाही, असे ठरवले.

त्या निमित्ताने शाकाहाराची हिरवी खूण कुठे बसते, हे तपासले. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार ती दर्शनी भागावर, नावाजवळ आणि उठून दिसेल अशा जमिनीवर हवी. दर्शनी भाग १०० ते ५०० चौरस सेंटिमीटर असेल तर वर्तुळाचा व्यास किमान ४ मिलिमीटर लागतो. आमच्या पाऊचचा दर्शनी भाग १२ बाय १८, म्हणजे २१६ चौरस सेंटिमीटर आहे. आकाराचा प्रश्न नव्हता, जमिनीचा होता. आमच्या पिवळ्यावर हिरव्याचे गुणोत्तर २.५५ आहे. पांढऱ्यावर ते ५.१ होते. त्यामुळे खुणेभोवती पांढरा चौकोन, चारही बाजूंनी किमान २ मिलिमीटर मोकळा, असा नियम झाला.

आणि हिरवा ब्रँडच्या रंगांतून पूर्ण काढला. धणे पुडीच्या स्टिकरवर हिरवी पट्टी असेल तर तिच्याजवळची हिरवी खूण नजरेआड होते. धण्यासाठी हिरवा नाही हे काकूंना पटायला दोन फोन लागले. मी सांगितले की धणे मुळात हिरवे नसतात, कोथिंबीर हिरवी असते. यावर त्या हसल्या आणि विषय मिटला.

१९ ऑगस्ट

दुकानदारांना पाठवायचे दरपत्रक केले आणि व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवून पाहिले. शीर्षक तपकिरी, दर जुन्या लालमध्ये, जमीन पिवळी. नवा लाल आल्यावर ही फाईल बदलायची राहून गेली होती. पाठवल्यावर तपकिरी शीर्षक स्वच्छ राहिले आणि दर मात्र कडांशी विरघळल्यासारखे झाले. आठाचा नऊ वाचला जाईल, इतके.

कारण पुन्हा उजळपणातच होते. फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकाराने लहान करून जेपीईजीमध्ये दाबले जाते, आणि त्यात उजळपणाची माहिती बारकाईने तर रंगाची माहिती सहसा अर्ध्या बारकाईने साठवली जाते. तपकिरी आणि पिवळ्यातील फरक मुख्यतः उजळपणाचा आहे, म्हणून तो टिकतो. लाल आणि पिवळ्यातील फरकाचा बराच भाग रंगछटेत आहे, आणि नेमका तोच पुसट होतो. कमी कॉन्ट्रास्टची जोडी वाचायला अवघड असते एवढेच नव्हे, ती पाठवणीतही आधी मरते.

दर आता तपकिरीत आणि ठळक आहेत. दरपत्रक फोटोऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, अशीही सूचना दिली आहे. पण ती पाळली जाईल यावर मी विसंबलेली नाही. पुढे पाठवताना कोण काय करेल, ते आपल्या हातात नसते.

दुपारी बाराच्या उन्हात तेच पत्रक फोनवर धरून पाहिले. पांढऱ्या जमिनीवरील तपकिरी वाचता आले, पिवळ्यावरील तपकिरी डोळे बारीक करून. म्हणून दरांचा तक्ता पांढऱ्यावर हलवला आणि पिवळा वरच्या पट्टीपुरता ठेवला.

५ सप्टेंबर

नियमावली दोन पानांत बसवली. वेबसाइट करणाऱ्या मुलाला एवढेच पाठवले:

```css
:root {
--haldi: #F2A900;   /* फक्त जमीन */
--akshar: #3B1F0E;  /* सर्व मजकूर */
--mirchi: #8E1B14;  /* फक्त मिरची चिन्ह */
}
```

प्रेससाठीच्या पानावर सीएमवायके आकडे, ओव्हरप्रिंटचा नियम, पांढऱ्या अक्षरांचा किमान आकार आणि हिरव्या खुणेचा पांढरा चौकोन आहे. मान्य केलेला एक स्टिकर त्या पानाला टाचून दिला आहे, कारण मशीनमन आकडे वाचत बसत नाही, तो नमुना शाईच्या शेजारी धरतो.

वाया गेलेला खर्च: प्रूफ १,३००, स्टिकर ४,८००, पाऊच १,४००, एकूण ७,५०० रुपये. स्टिकरची रक्कम मी माझ्या मानधनातून वळती करून घेतली. वेळ साधारण तीन आठवडे वाढला आणि त्यातील निम्मा नव्या स्टिकरची वाट पाहण्यात गेला.

एक गोष्ट अजून बाकी आहे. टाचलेला नमुना दुकानाच्या काचेजवळ ठेवला तर काही महिन्यांत पिवळा फिका पडेल आणि मग फिक्या नमुन्याशी जुळवून नवी छपाई होईल. एक स्टिकर काकूंच्या घरी लोखंडी पेटीत, पाकिटात बंद करून, तारीख लिहून ठेवला आहे. दिवाळीनंतर तो बाहेर काढून प्रेसमधल्या नमुन्याशेजारी त्याच यंत्रावर मोजणार आहे.